गोष्टीची साखळी आणि अबोल मूल

‘हे काय आहे?’ असे बाईंनी विचारले की लाजरे मूल खाली बघते. पण ‘खुंटी कुठे आहे, दाखव’ म्हटले, तर तेच मूल चित्रातल्या खुंटीवर बरोबर बोट ठेवते. समजणारे शब्द आणि तोंडातून निघणारे शब्द हे दोन वेगळे साठे आहेत. ऐकलेला शब्द स्वतः वाक्यात वापरला की तो पक्का होतो. वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला नेमकी हीच संधी कमी मिळते. ती देण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे ‘गोष्टीची साखळी’: प्रत्येकाने एकेक वाक्य जोडत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची.

मात्र हा खेळ चुकीच्या पद्धतीने घेतला, तर मूल आणखी मिटते. चाळीस मुलांच्या वर्गात अचानक आपली पाळी येणे ही लाजऱ्या मुलासाठी परीक्षाच असते. म्हणून गट पाच-सहा मुलांचा ठेवावा. अबोल मुलाला तिसऱ्या किंवा चौथ्या जागी बसवावे. पहिल्या मुलाला गोष्ट सुचवावी लागते आणि शेवटच्याला ती संपवावी लागते. मधल्याला फक्त पुढे न्यायची असते.

मिरजेतल्या दुसरीच्या वर्गाचे उदाहरण घेऊ. सतार-तंबोरे बनवणारी दुकाने मुलांच्या रोजच्या पाहण्यातली. बाई तीन चित्रे मांडतात: भोपळा, खुंटी, तार. एका खेळाला तीनच नवे शब्द पुरेत. पहिला मुलगा म्हणतो, ‘पंढरपूरहून एक भोपळा मिरजेला आला.’ दुसरी म्हणते, ‘तो उन्हात वाळला.’ आता अबोल मुलीची पाळी. बाईंनी इथे मनात पाचपर्यंत मोजावे. शिक्षक साधारणपणे एका सेकंदातच पुढचा प्रश्न विचारतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, असे अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचे निरीक्षण करून दाखवले होते.

तरीही शब्द फुटला नाही, तर दोन पर्याय द्यावेत: ‘भोपळ्याला तार लावली की खुंटी?’ मुलगी हळूच म्हणते, ‘तार लावला.’ ‘लावला नाही, लावली म्हण’ असे इथे टोकू नये. ‘हो, लांब तार लावली,’ असे बरोबर वाक्य एका शब्दाने वाढवून बाईंनी सहज म्हणावे आणि पाळी पुढे द्यावी. तिच्याकडून ते वदवून घेऊ नये. दोन दिवसांनी त्याच तीन चित्रांवर नवी गोष्ट रचावी. तेव्हा तिने ‘तार’ पर्यायाशिवाय उच्चारला, तर शब्द तिचा झाला असे समजावे.

मिरजेत अनेक मुलांच्या घरी कन्नड किंवा दखनी बोलतात. अशा मुलाने घरचा शब्द वापरला तर तो गोष्टीत घ्यावा आणि शेजारी मराठी शब्द ठेवावा. दोन भाषांत वाढणे हा आजार नाही.

काही दिवसांनी खेळ एका जागी अडकतो. प्रत्येक वाक्य ‘आणि मग’ने सुरू होते आणि ‘गेला’, ‘आला’वर संपते. पाळ्या होतात, पण शब्द वाढत नाहीत. अशा वेळी ‘पण’, ‘म्हणून’, ‘इतक्यात’ अशा चिठ्ठ्या ठेवाव्यात. ‘इतक्यात’ची चिठ्ठी उचलली की काहीतरी घडवावेच लागते: ‘इतक्यात तार तुटली.’

या खेळाला मर्यादाही आहेत. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, दूरदर्शनचा आवाज मोठा करत असेल किंवा वारंवार ‘काय?’ विचारत असेल, तर आधी कान तपासावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येते. ठणका नसल्याने ते लक्षात येत नाही. घरीसुद्धा तुटक बोलणाऱ्या किंवा सांगितलेले न समजणाऱ्या मुलाची वाचा आणि भाषा तपासायला हवी.

घरी मोकळे बोलणारे मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ एक शब्दही बोलत नसेल, तर ते निवडक मौन असू शकते. शाळेचा पहिला महिना यात धरत नाहीत. हा हट्ट नसून चिंतेचा विकार आहे. अशा मुलाला बोलायचा आग्रह केला तर मौन घट्ट होते. त्याने चित्र उचलून दिले, तर तीच त्याची पाळी मानावी आणि बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीसाठी शाळेत येते, तेव्हा शिक्षकांनी अशा मुलाचे नाव आवर्जून सांगावे. गप्प मूल वर्गात कुणालाच त्रास देत नाही आणि म्हणूनच ते तपासणीतून निसटते.