होज पाइपचा उलट रेटा

कापडाच्या गोदामातील हायड्रंटचा 63 मिलिमीटरचा होज पाइप दोन नोकरांना आवरेल काय, हे पाण्याच्या दाबावर ठरते. 20 मिलिमीटरच्या नोझलमधून, दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब असता, मिनिटाला सुमारे 500 लिटर पाणी निघते आणि धरणाऱ्यास 22 किलोचा उलट रेटा बसतो. दाब सात किलो केला, तर पाणी 700 लिटरच होते. रेटा मात्र दुप्पट, 44 किलो! व्यापाऱ्यास हा हिशेब तोट्याचाच वाटेल.

पुढच्याने नोझल कमरेशी धरावे; मागच्याने त्याच बाजूस उभे राहून पाइपचा रेटा अंगावर घ्यावा. व्हॉल्व्हपाशी तिसरा माणूस लागतोच. पाइप पूर्ण पसरल्यावरच त्याने व्हॉल्व्ह सावकाश उघडावा आणि पुढच्यांचे पाय मागे सरकू लागताच थोडा मिटावा. हातून सुटलेला पाइप सापासारखा उसळून हाडे मोडू शकतो.

नोझल फिरवता येणारे असल्यास सरळ धार दूरवर पोहोचते, गाठींत शिरते. रुंद फवाऱ्याचा रेटा कमी, तो उष्णता शोषून आडोसाही देतो. परंतु त्याचा पल्ला तोकडा, आणि कोंदट खोलीत त्याची तप्त वाफ धरणाऱ्यावरच उलटते. धूर खाली उतरू लागला, की दोघांनी बाहेर पडावे.