भाऊबीजेची भेट लंडनला: थेट की पुण्यामार्गे?

लंडनला राहणाऱ्या बहिणीला भाऊबीजेची ओवाळणी पाठवायची, तर पुण्यातल्या भावापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे भारतातल्या संकेतस्थळावर साडी निवडायची, पत्त्याच्या जागी बहिणीचा लंडनचा पत्ता घालायचा आणि पैसे भरून मोकळे व्हायचे. दुसरा म्हणजे तीच साडी आधी भारतातल्याच पत्त्यावर मागवायची आणि तिथून पुढे रवाना करायची. हा पत्ता पार्सल पुढे पाठवणाऱ्या एखाद्या कंपनीच्या गोदामाचा असतो, नाहीतर आपल्या घराचा. या दोन रस्त्यांतला फरक बहुतेक जण कुरिअरच्या दरात शोधतात. दर महत्त्वाचा आहेच, पण त्याच्याही आधी बघायला हवे ते हे, की पार्सलच्या कागदावर पाठवणारा म्हणून नाव कोणाचे आहे.

ब्रिटनमध्ये बाहेरून येणाऱ्या 39 पौंडांपर्यंतच्या भेटवस्तूवर व्हॅट लागत नाही. मात्र भेट म्हणजे काय, हे तिथल्या कस्टम्सने नेमके ठरवलेले आहे. ती एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली हवी, वाढदिवस किंवा सणासारखे काही निमित्त हवे, वस्तू घरच्या वापराची हवी आणि कस्टम्सचा फॉर्म नीट भरलेला हवा. भाऊबीज या व्याख्येत सहज बसते. पण साडी दुकानाने थेट लंडनला पाठवली, तर कागदावर पाठवणारा भाऊ नसतो, दुकान असते. तो विक्रीचा व्यवहार दिसतो आणि भेटीची सवलत मिळेल असे धरून चालता येत नाही. मग 20 टक्के व्हॅट आला. माल 135 पौंडांपर्यंतचा असेल तर हा व्हॅट विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच घ्यायचा असतो. त्याहून महाग मालावर तो ब्रिटनमध्ये पोचताना लागतो आणि सोबत आयात शुल्कही लागू शकते.

म्हणून थेट मागवताना पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर थांबावे. लंडनचा पिनकोड, म्हणजे तिकडचा पोस्टकोड, घातल्यावर वस्तूची किंमत आणि पाठवणी याखेरीज करांची वेगळी ओळ दिसते का, किंवा कर किमतीत धरलेले आहेत असे स्पष्ट लिहिले आहे का, ते पाहावे. दोन्ही नसेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाहीतर ओवाळणी दारात येते ती कर आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क यांची मागणी घेऊन, आणि बहिणीला स्वतःच्या भेटीचे पैसे मोजावे लागतात. हे मला फार लागते. थोडे जास्त गेले तरी चालेल, पण ते इकडूनच भरलेले असावेत.

आता दुसरा रस्ता एका उदाहरणावरून पाहू. बहिणीसाठी 4,200 रुपयांची सुती साडी, मेहुण्यांसाठी 3,600 रुपयांची पितळी समई आणि भाचीसाठी 840 रुपयांची गोष्टींची पुस्तके घ्यायची आहेत. तिन्ही वस्तू तीन वेगळ्या दुकानांच्या. हिशोबापुरता पौंड 120 रुपयांचा धरला, तर त्या अनुक्रमे 35, 30 आणि 7 पौंडांच्या होतात. थेट पाठवायच्या तर तीन पार्सले, तीनदा पाठवणीचा खर्च, शिवाय साडी आणि समईवर व्हॅट. पुस्तकांवर ब्रिटनमध्ये व्हॅटचा दर शून्य आहे.

हेच सगळे पुण्यात गोळा करून भावाच्या नावाने एका खोक्यातून पाठवले तर एकूण किंमत 72 पौंड होते. वरवर पाहता ती 39 च्या बरीच वर आहे. पण एका खोक्यात वेगवेगळ्या माणसांच्या भेटी असतील, प्रत्येक भेट वेगळी गुंडाळलेली असेल आणि फॉर्ममध्ये किमतीसह वेगळी नोंदलेली असेल, तर सवलत प्रत्येक भेटीला स्वतंत्र मिळते. त्यासाठी तिन्ही पुड्यांवर तिघांची नावे घालायची आणि फॉर्मवर नुसते ‘गिफ्ट’ न लिहिता ‘सुती साडी, एक नग, 35 पौंड’ अशा थाटात इंग्रजीत एकेक ओळ भरायची. कर वाचवण्यासाठी किंमत कमी दाखवायचा मोह मात्र टाळावा. पार्सल हरवले तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या आतच मिळते, आणि कस्टम्सला संशय आला तर खोके अडकते.

खोक्याचे मापही खर्च ठरवते. कुरिअरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारणपणे 5,000 ने भागतात. येणारा आकडा आणि खरे वजन यांतले जे जास्त, त्याचे पैसे घेतात. तिन्ही दुकानांची मूळ खोकी एका मोठ्या खोक्यात घातली आणि ते 40, 30 आणि 25 सेंटिमीटरचे झाले, तर आत तीन किलोही माल नसताना आकारणी सहा किलोंची होते. पितळी समईचे पेच सोडवले की बैठक, दांडी आणि वरची वाटी सुटी होतात. ती वेगळ्या पुडीत गुंडाळून साडी आणि पुस्तकांशेजारी बसवली की 30, 25 आणि 16 चे खोके पुरते. त्याचे मापी वजन 2.4 किलो. साडी ठेवताना मध्ये जाड कागद मात्र हवा, नाहीतर पितळेचे डाग पडतात.

गोदामाच्या पत्त्यावर मागवायचे असेल, तर कंपनीने दिलेला ग्राहक क्रमांक पत्त्यातच लिहावा लागतो. तो राहिला की पार्सल कोणाचे हेच तिथे कळत नाही. फुकट साठवणुकीची मुदत, पुन्हा पॅकिंग करण्याचा आकार आणि कागदावर पाठवणारा म्हणून आपले नाव जाते की कंपनीचे, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. बहिणीनेच लंडनहून खाते उघडून, पैसे भरून माल मागवला असेल, तर ती तिची खरेदी ठरते. तिथे भेटीची सवलत उरत नाही.

या रस्त्याची खरी अडचण परतीची आहे. माल बदलून घेण्याची दुकानाची मुदत, बहुधा सात किंवा दहा दिवस, पुण्यात पार्सल पोचल्यापासून मोजली जाते. लंडनला घडी उलगडल्यावर साडी विरलेली निघाली तर उपयोग नाही. म्हणूनच गोदामापेक्षा स्वतःच्या घरचा पत्ता मला जास्त भरवशाचा वाटतो. साडी पूर्ण उलगडून उजेडात पाहता येते, समई जोडून ती सरळ उभी राहते का ते तपासता येते, आणि पूजासाहित्याच्या तयार संचात कापूर किंवा काडेपेटी असेल तर काढून ठेवता येते. या दोन्ही वस्तू ज्वालाग्राही आहेत आणि टपालाच्या विमानात चालत नाहीत. पेढे, बर्फी आणि तुपाची बरणीही घालू नये. भारतातून टपालाने येणारे दुधाचे पदार्थ ब्रिटन आत येऊ देत नाही.

एकच महागडी वस्तू असेल, उदाहरणार्थ खरी पैठणी, तर माझे मत उलटे आहे. तिथे 39 पौंडांची सवलत तशीही हाती लागत नाही आणि वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी एकाच विक्रेत्यावर असणे जास्त मोलाचे ठरते. कर आधी भरून घेणारा आणि परतीची अट लेखी देणारा विक्रेता मिळाला, तर पैठणी थेट लंडनच्या पत्त्यावरच पाठवा.