सनईचा सूर रेकॉर्डिंगमध्ये कर्कश का होतो? माईकची जागा बदला, फरक लगेच कळेल

बोईसर : लग्नमंडपात लांबून गोड वाटणारी सनई मोबाईलवर किंवा घरगुती स्टुडिओत रेकॉर्ड केली की कानात घुसते, अशी तक्रार अनेक वादक आणि रेकॉर्डिंग करणारी तरुण मंडळी करतात. दोष बहुतेक वेळा सनईचा नसतो, माईक महागडा नसल्याचाही नसतो. माईक चुकीच्या जागी ठेवलेला असतो.

सूर नेमका निघतो कुठून?

सनईच्या एका सुरात अनेक सूर दडलेले असतात. समजा, षड्ज ३०० हर्ट्झचा आहे. त्याच्यासोबत ६००, ९००, १२०० असे वरचे स्वरांशही वाजत असतात. सनईची नळी खाली रुंद होत जाते, त्यामुळे हे सगळे स्वरांश जोरकस येतात. त्यातला दहावा ३००० हर्ट्झवर पडतो, आणि २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात माणसाचा कान सर्वात तिखट असतो. टोचतो तो हाच भाग.

खालचे स्वरांश मुख्यतः बोटांच्या उघड्या छिद्रांतून बाहेर पडतात आणि चहूकडे पसरतात. वरचे मात्र खालच्या पितळी प्याल्यातून, टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. मंडपातला पाहुणा या झोतात बसलेला नसतो, म्हणून त्याला सनई गोड लागते. प्याल्यासमोर अर्ध्या फुटावर धरलेला माईक मात्र नेमका झोतातच असतो.

माईक कुठे ठेवावा?

माईक प्याल्यासमोर न धरता वादकाच्या बाजूला, सुमारे दीड फुटावर ठेवावा. त्याचे तोंड सनईच्या मधल्या छिद्रांकडे असावे. छिद्रांतला भरीव सूर आणि प्याल्याच्या झोताची फक्त कड, असे मिश्रण मिळते. त्याहून जवळ गेल्यास वेगळी अडचण येते. वादक वाजवताना डोलतोच. माईक एक फुटावर असताना तो अर्धा फूट पुढे आला, तर आवाज ६ डेसिबलने चढतो. दीड फुटावर तेवढ्याच हालचालीने साडेतीन डेसिबलच चढतो.

सनईवाल्यांच्या ताफ्यात संबळही असेल, तर संबळवादकाला माईकच्या पाठीमागे बसवावे. एका दिशेने ऐकणारा माईक मागचा आवाज कमी पकडतो.

एक साधी चाचणी

१० बाय १२ची खोली घ्या. खाली फरशी, भिंती मोकळ्या. अशा खोलीत झोत भिंतीवर आपटून परत येतो आणि माईक बाजूला ठेवूनही कर्कशपणा उरतो. एक टाळी वाजवून बघा. पाठोपाठ झणझणीत आवाज आला, तर प्याल्यासमोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगावी, खाली सतरंजी अंथरावी.

मग वादकाला तार षड्जावर सूर धरायला सांगून तीन तुकडे रेकॉर्ड करावेत. पहिला प्याल्यासमोर एक फुटावर, दुसरा बाजूने दीड फुटावर, तिसरा बाजूनेच पण तीन फुटांवर. ऐकण्याआधी तिन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, नाहीतर मोठा आवाज कानाला फसवतो. पहिला टोचेल, तिसऱ्यात खोली जास्त ऐकू येईल. बहुतेक वेळा दुसरा तुकडा कामाचा ठरतो.

फाटलेला आवाज वेगळा

कर्कश आणि फाटलेला आवाज यात गल्लत करू नये. माईक ओव्हरलोड झाला की स्क्रीनवरच्या लहरींची टोके सपाट कापलेली दिसतात. तो आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो. म्हणून सर्वात जोरात वाजवून घेऊन लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी. मोबाईल वापरत असाल तर आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट कमी करणारी सोय बंद करावी. ही सोय लांब धरलेल्या सुरालाच गोंगाट समजते आणि सूर मध्येच खचतो.

नव्या किंवा सुक्या पत्तीचा सूरही किंचाळतो. पत्ती ओली होऊन बसेपर्यंत वादकाला दहा मिनिटे वाजवू द्यावे.

नंतरची दुरुस्ती

एवढे करूनही सूर टोचला, तर इक्वलायझरमध्ये ३ हजार हर्ट्झच्या आसपास नेमकी टोचणारी जागा शोधून तेवढीच दोन-तीन डेसिबल उतरवावी. वरचा सगळा पट्टा कापला, तर सनई घशात सर्दी झाल्यासारखी ऐकू येते.

जिल्ह्यातल्या तारप्यालाही हाच नियम लागू पडतो. भोपळ्याच्या आत पत्त्या आणि टोकाला ताडपानांचा कर्णा असलेल्या या वाद्याचा माईक कर्ण्यासमोर न ठेवता बांबूच्या छिद्रांकडे वळवावा. तारपावादक नाचणाऱ्यांसोबत फिरत असतो, त्यामुळे त्याला आधी एका जागी उभे करून वाजवून घ्यावे, नाच वेगळा रेकॉर्ड करावा.