गुरुवारचे डॉक्टर आणि न आलेले पेशंट

गेल्या आठवड्यात ओपीडीच्या नोंदी सॉफ्टवेअरमधून एक्सेलमध्ये कशा उतरवायच्या ते पाहिलं. त्या फाईलला विचारायचा पहिला प्रश्न सोपा वाटतो: नंबर लावून न आलेले पेशंट कोणत्या डॉक्टरांकडे जास्त आणि कोणत्या वारी? पिव्होट टेबलमध्ये डॉक्टर उभे, वार आडवे मांडले की पाच मिनिटांत तक्ता तयार होतो. पण भोकरसारख्या तालुक्याच्या गावात हा तक्ता सरळ वाचला तर हमखास चुकीच्या माणसावर बोट ठेवतो.

कारण इथली ओपीडी चालतेच तशी. एक फिजिशियन गावातच राहतात आणि सोमवार ते शनिवार बसतात. हाडांचे, कानाघशाचे, त्वचेचे डॉक्टर नांदेडहून ठरलेल्या वारी येतात. हाडांचे डॉक्टर फक्त गुरुवारी येत असतील, तर त्यांच्या रकान्यात गुरुवार सोडून दुसरा वारच नाही. न येणाऱ्यांचं प्रमाण तिथे जास्त दिसलं, तर दोष डॉक्टरांचा, गुरुवारचा की आणखी कशाचा, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

त्याआधी फाईल साफ करावी लागते. पेशंटची नावं आणि मोबाईल नंबरांचे रकाने काढून टाकून मगच कामाची प्रत बनवावी. या हिशोबाला त्यांची गरज नाही. मग तारीख तपासावी. फाईलमध्ये 05/06/2025 असं लिहिलं असेल आणि संगणकाची सेटिंग अमेरिकन असेल, तर 5 जूनचा गुरुवार गुपचूप 6 मेचा मंगळवार होतो. 13 तारखेपासून पुढच्या नोंदींचं असं रूपांतर होत नाही, त्या अक्षरं म्हणून पडून राहतात आणि रकान्यात डावीकडे सरकलेल्या दिसतात. फक्त गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरांच्या नावापुढे मंगळवार उगवला, तर तारखा उलटल्या आहेत हे ओळखावं.

पुढचा रकाना `Status`. नंबर न लावता थेट आलेल्या पेशंटचीही काउंटरवर नोंद होते आणि तीसुद्धा `Completed` म्हणून फाईलमध्ये येते. या नोंदी भागाकारात धरता येत नाहीत, कारण जो आलाच म्हणून नोंदला गेला तो गैरहजर असूच शकत नाही. आदल्या दिवशी फोन करून रद्द केलेले आणि डॉक्टरच न आल्याने रद्द झालेले नंबरही बाजूला काढायचे. सगळ्यात फसव्या असतात दिवस संपल्यावरही `Booked` राहिलेल्या नोंदी. त्यातला पेशंट आला नाही की आला, तपासून गेला आणि गर्दीत कुणी बटण दाबलं नाही? काही सॉफ्टवेअर अशा नोंदी रात्री आपोआप `No-show` करून टाकतात. मूळ फाईलमधल्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी पावती पुस्तकाशी जुळवल्या की खरं काय ते कळतं. न आलेल्याच्या नावावर पावती सापडली, तर चूक पेशंटची नव्हे, नोंदीची.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, तीन महिन्यांत, म्हणजे 13 आठवड्यांत, फिजिशियनकडे 780 नंबर लागले आणि 94 जण आले नाहीत: 12 टक्के. हाडांच्या डॉक्टरांकडे 13 गुरुवारी मिळून 130 नंबर लागले, 39 जण आले नाहीत: 30 टक्के. (थेट आलेले 500 पेशंट फिजिशियनच्या भागाकारात राहिले असते, तर त्यांचं प्रमाण 7 टक्क्यांवर आलं असतं आणि दरी आणखी मोठी दिसली असती.)

पहिला संशय गुरुवारवर येतो. तो तपासायला फिजिशियनचेच गुरुवार उपयोगी पडतात, कारण ते त्या दिवशीही बसतात. त्यांच्या गुरुवारच्या 130 नंबरांपैकी 16 जण आले नाहीत, म्हणजे पुन्हा 12 टक्केच. गुरुवार निर्दोष सुटला.

मग डॉक्टर? इथे आणखी दोन रकाने लागतात. C मध्ये नंबर लावल्याची तारीख आणि D मध्ये भेटीची तारीख असेल, तर वार आणि मधलं अंतर असं निघतं:

```
=TEXT(D2,"dddd")
=INT(D2)-INT(C2)
```

या अंतरानुसार नोंदी वेगळ्या केल्या की चित्र पालटतं. फिजिशियनचे 620 नंबर त्याच दिवसाचे किंवा दुसऱ्या दिवसाचे आहेत. त्यात 56 गैरहजर, 9 टक्के. दोन ते सहा दिवस आधी लावलेले 120, गैरहजर 24, म्हणजे 20 टक्के. आठवडा किंवा त्याहून आधी लावलेले फक्त 40, गैरहजर 14, म्हणजे 35 टक्के. हाडांच्या डॉक्टरांकडे याच क्रमाने 30, 20 आणि 80 नंबर आहेत. गैरहजर 3, 4 आणि 32. म्हणजे 10, 20 आणि 40 टक्के. पहिल्या दोन गटांत दोघांत जवळपास फरकच नाही. तिसऱ्यात 35 विरुद्ध 40 दिसतं, पण 40 आणि 80 नंबरांत एवढा फरक योगायोगानेही पडतो.

फिजिशियनचे हेच तीन दर हाडांच्या डॉक्टरांच्या नंबरांना लावून पाहिले, तर 130 पैकी सुमारे 35 गैरहजर अपेक्षित आहेत. प्रत्यक्षात 39. म्हणजे जवळजवळ सगळी गैरहजेरी त्या लांबलेल्या अंतरातून आली. डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात, म्हणून नंबर आठ-दहा दिवस आधी लागतो. तेवढ्यात दुखणं थांबतं, पेरणी किंवा कापूसवेचणी येते, किंवा घरचं माणूस नांदेडलाच दाखवून येतं.

ही गोष्ट भोकरपुरती नाही. ब्राझीलमधल्या व्हिटोरिया शहराच्या सरकारी दवाखान्यांच्या 1,10,527 नोंदी अभ्यासासाठी खुल्या आहेत, 2016 सालच्या. तिथे एकूण 20 टक्के पेशंट आले नाहीत. सोमवार ते शुक्रवार प्रमाण 19 ते 21 टक्क्यांच्या आसपास फिरतं, म्हणजे वाराने फारसं काही होत नाही. शनिवारी 23 टक्के दिसतं, पण शनिवारच्या नोंदी अवघ्या 39 आहेत आणि न आलेले 9. आणखी दोघे आले असते, तर आकडा 18 वर आला असता. याउलट, त्याच दिवशी नंबर लावलेल्यांत गैरहजेरी 5 टक्क्यांहूनही कमी आहे.

याच फाईलमध्ये आणखी एक सापळा आहे. आठवणीचा मेसेज मिळालेल्यांपैकी सुमारे 28 टक्के आले नाहीत, न मिळालेल्यांपैकी 17 टक्के. मेसेजने पेशंट पळतात, असं घाईत वाटेल. पण मेसेज फक्त लांबच्या तारखेच्या पेशंटनाच गेले होते. लांबच्या तारखांचीच आपसात तुलना केली, की मेसेज मिळालेल्यांची गैरहजेरी कमी निघते.

छोट्या दवाखान्याने म्हणून डॉक्टर आणि वार यांचा तक्ता बनवताना प्रत्येक चौकटीत टक्क्याशेजारी नंबरांची संख्याही लिहावी. 20 पैकी 4 म्हणजे 20 टक्के खरे, पण एवढ्या नोंदींवरून खरं प्रमाण 8 ते 42 टक्क्यांत कुठेही असू शकतं. अशा चौकटीवरून डॉक्टरांना जाब विचारणं अन्यायाचं आहे.

गुरुवारच्या ओपीडीसाठी करण्यासारखं आहे ते अंतराशी जोडलेलं. दहा नंबरांत सरासरी तीन जण येत नाहीत, म्हणून सरसकट तीन जादा नंबर द्यावेत असं सुचतं. पण ज्या गुरुवारी दहाच्या दहा येतील, त्या दिवशी हिमायतनगरहून पाय सुजलेला म्हातारा माणूस संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसून राहील. त्यापेक्षा दहातले चार नंबर राखून ठेवावेत आणि बुधवारी सकाळीच उघडावेत. उरलेल्या सहा जणांना बुधवारी फोन करावा, आणि जो येणार नाही म्हणेल त्याचं कारण एका नव्या रकान्यात लिहून त्याची जागा त्याच दिवशी दुसऱ्याला द्यावी. त्यासाठी काउंटरवर कुणाचा तरी अर्धा तास ठरवून द्यावा लागेल. दोन-तीन महिन्यांनी हीच फाईल पुन्हा उतरवली, की त्या चार नंबरांची आणि सहा नंबरांची गैरहजेरी वेगवेगळी मोजता येईल.