अंश, छेद आणि न बदलणारा फरक

‘एका अपूर्णांकाचा छेद अंशापेक्षा 4 ने मोठा आहे. अंशात आणि छेदात प्रत्येकी 1 मिळवला, तर अपूर्णांक 1/2 होतो. मूळ अपूर्णांक कोणता?’ आठवीत एकचल समीकरणं सुरू झाली की या जातीचं शाब्दिक उदाहरण हमखास येतं.

रीत सरळ आहे. अंश x मानला, तर छेद x + 4. दोन्हींत 1 मिळवल्यावर अंश x + 1 आणि छेद x + 5. हा नवा अपूर्णांक 1/2 एवढा आहे, म्हणून:

(x + 1)/(x + 5) = 1/2

तिरकस गुणाकार केला की 2x + 2 = x + 5, म्हणजे x = 3. मूळ अपूर्णांक 3/7. ताळा पाहा: 3 चे 4 झाले, 7 चे 8 झाले आणि 4/8 म्हणजे 1/2. जमलं.

चूक होते ती बहुधा समीकरण मांडताना. काही मुलं x/(x + 4) + 1 = 1/2 असं लिहितात. इथे 1 मिळवला गेला तो अख्ख्या अपूर्णांकात, अंशात आणि छेदात नव्हे. हे समीकरण सोडवलं तर अंश ऋण येतो आणि अपूर्णांक –1/2 होतो. दुसरी चूक अशी की x + 1 = 1 आणि x + 5 = 2 अशी दोन समीकरणं वेगवेगळी मांडली जातात. पहिल्यातून x शून्य येतो, दुसऱ्यातून उणे 3. उत्तरातला 1/2 हे 4/8 चं संक्षिप्त रूप आहे, खरा अंश आणि खरा छेद त्यात दिसतच नाहीत, हे इथे निसटतं.

मुळात किंमत बदलते कशाने? अंश आणि छेद यांना एकाच संख्येने गुणलं तर किंमत तीच राहते, हे आपण लहानपणी शिकतो. बेरजेला तो नियम लागू नाही. बेरजेत टिकतो तो छेद आणि अंश यांच्यातला फरक. 3/7 मध्ये तो 4 आहे आणि 4/8 मध्येही 4 च. 3/7 हा पूर्ण एकापेक्षा 4/7 ने कमी, तर 4/8 हा 4/8 ने कमी. तूट चारच भागांची राहिली, पण प्रत्येक भाग लहान झाला, म्हणून किंमत वाढली. अंशाधिक अपूर्णांकात हेच उलटं घडतं: 7/3 चा 8/4 केला की किंमत घटते. धन संख्या मिळवली की दोन्ही 1 च्या दिशेने सरकतात.

आई 30 वर्षांची आणि मुलगी 6 वर्षांची असेल, तर मुलीचं वय आईच्या एक पंचमांश. निम्मं कधी होईल? फरक कायम 24 चा. निम्म्याला छेद अंशाच्या दुप्पट, म्हणून फरक अंशाएवढाच. मुलगी 24 ची आणि आई 48 ची, म्हणजे 18 वर्षांनी. वयांची ही उदाहरणं म्हणजे तेच अपूर्णांकांचं गणित. मुलगी आईच्या वयाची मात्र कधीच होणार नाही. म्हणूनच 3/7 मध्ये काय मिळवलं तर 1 होईल, या प्रश्नाला उत्तर नाही; 3 + k = 7 + k मांडलं की k दोन्हीकडून जातो आणि 3 = 7 उरतं.

फरकाची ही खूण ताळ्यालाही उपयोगी पडते. 3/7 चा 2/3 करायला काय मिळवावं? फरक 4 हवा, 2/3 मध्ये तो 1 आहे, म्हणून चौपट करून 8/12. मिळवायची संख्या 5. आणि 5/8 चा 1/2 करायचा असेल, तर फरक 3 म्हणून 3/6. उत्तर उणे 2. किंमत 1 पासून दूर न्यायची असल्याने वजाबाकीच हवी.

एक खाचखळगा शेवटी. छेद अंशापेक्षा 4 ने मोठा आणि दोन्हींत 2 मिळवल्यावर 1/2, असं उदाहरण असेल तर उत्तर 2/6 येतं. सवयीने त्याचा 1/3 केला की उत्तर चुकलं: 1/3 मध्ये दोन्हीकडे 2 मिळवले तर 3/5 होतात, 1/2 नव्हे. 2/6 आणि 1/3 यांची किंमत एकच, पण बेरीज किमतीवर होत नाही, लिहिलेल्या अंकांवर होते. तेव्हा या प्रकारच्या उदाहरणात मूळ अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देऊ नका; तो जसा आला तसाच लिहा आणि त्याच अंकांवर ताळा करा.