दऱ्यांचा दर्या झाला तेव्हा

पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेत मुद्रितशोधनाची उमेदवारी करायला आलेल्या मुलीच्या हातात पहिल्याच आठवड्यात चार पानांची चाचणी पडली. कळसूबाईच्या चढाईवरचा साधासा प्रवासलेख होता आणि त्यात मुद्दाम पेरलेल्या २२ चुका होत्या. तिने १५ पकडल्या, ७ निसटल्या. शिवाय दोन ठिकाणी मुळात बरोबर असलेला शब्द तिने तांबड्या पेनाने चुकीचा करून ठेवला.

दोन दिवसांनी पाने परत आली. सोबत दोन पाठपोट कागद होते, पेन्सिलने लिहिलेले. संस्थेत बरीच वर्षे प्रुफे वाचणाऱ्या बाईंनी ते लिहिले होते. त्यात गुण नव्हते, शेरा नव्हता. सुरुवात अशी होती: “तुला नियम येतात. सुटलेल्या चुकांपैकी नियम न आल्यामुळे सुटली अशी एकही नाही. प्रत्येक चूक कशी सुटली असावी, ते खाली लिहिते.”

हे खरेच होते. ‘महत्व’ मधला हरवलेला त तिने जागेवर बसवला होता, ‘उज्वल’ चे ‘उज्ज्वल’ आणि ‘आशिर्वाद’ चा ‘आशीर्वाद’ केला होता. ‘विद्यार्थीमंडळ’ हा शब्द तर भलेभले तसाच सोडतात. एकटा असताना ‘विद्यार्थी’ दीर्घ लिहायचा, पण समासात पुढे आला की मूळ संस्कृत रूपाप्रमाणे ऱ्हस्व होतो, म्हणून ‘विद्यार्थिमंडळ’. मराठी लेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठराच्या अठरा नियम या मुलीला पाठ होते. तरीही लेखाच्या मथळ्यात, सर्वांत मोठ्या टायपात, ‘सह्याद्रीच्या कूशीत’ असे छापलेले तिच्या नजरेतून गेले.

‘कूस’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ‘कुशीत’. हा नियम तिने पहिल्याच परिच्छेदात ‘फूलांचा’ चे ‘फुलांचा’ करताना वापरला होता. मग मथळा कसा सुटला? बाईंचा तर्क सरळ होता. तिची पहिली तांबडी खूण तिसऱ्या ओळीवर होती. म्हणजे तिने वाचायला सुरुवात केली ती मजकुरापासून, आणि मथळा ‘पाहिला’. मोठी अक्षरे आपण चित्रासारखी बघतो. मथळे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि लेखकाचे नाव यांतल्या चुका म्हणूनच पुस्तक बांधून आल्यावर सापडतात, आणि बहुतेक वेळा लेखकाच्या नातेवाइकांना. बाईंची सूचना एवढीच होती की सगळे वाचून झाल्यावर फक्त मोठी अक्षरे वेगळी वाचायची, बोटाने एकेक अक्षर धरून.

टिपणातला सर्वांत लांब भाग दोन शब्दांवर होता. दुसऱ्या पानावर वाक्य होते, ‘शिखरावरून चहूबाजूंच्या खोल दर्या दिसतात.’ तिसऱ्यावर, ‘मुक्कामी आचार्यांनी गरमागरम पिठले केले.’ मुलीने दोन्ही वाक्ये निर्धास्त ओलांडली होती. दर्या म्हणजे समुद्र. कळसूबाई अकोले तालुक्यात आहे, तिथून खाली दिसतात त्या दऱ्या. आणि पिठले करतात ते आचारी, म्हणून ‘आचाऱ्यांनी’. आचार्य पिठले करतच नाहीत असे नाही, पण लेखकाला ते म्हणायचे नव्हते.

फरक आहे तो ‘र’ च्या दोन रूपांचा. ‘सूर्य’ मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ‘दऱ्या’ मधला र आडवा होऊन पुढच्या अक्षराला बिलगतो, आणि उच्चारात आघात न येता हलकाच निघून जातो. खिळ्यांच्या छपाईत हे दोन वेगळे खिळे होते. खिळेजुळाऱ्याचा हात चुकीच्या खणात गेला तरच गोंधळ व्हायचा. संगणकावर मात्र हा गोंधळ कुणाचाही हात न चुकता होतो, आणि बाईंना नेमके हेच समजावून द्यायचे होते.

आडवा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात त्यासाठी वेगळेच अक्षर आहे, खाली टिंब असलेला ऱ. त्याचा पाय मोडून पुढे य दिला की ‘ऱ्य’ तयार होतो. दुसऱ्या प्रकारात साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि य च्या आधी एक अदृश्य चिन्ह टाकतात. त्याचे नाव झिरो विड्थ जॉइनर. ते पडद्यावर दिसत नाही, छापल्यावर जागा घेत नाही. त्याचे काम एकच, र ला रफार होऊ न देणे. कागदावर दोन्ही प्रकार हुबेहूब सारखे दिसतात. पण मजकूर मेलमधून, फोनमधून, एका प्रणालीतून दुसरीत जाताना एखादे सॉफ्टवेअर निरुपयोगी कचरा समजून ते अदृश्य चिन्ह गाळून टाकते. मग र मोकळा सुटतो, उडी मारून य च्या डोक्यावर बसतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. टिंबाच्या ऱ ने लिहिलेल्या शब्दाला हा धोका नाही.

‘शेतकऱ्यां’ चे ‘शेतकर्यां’ झाले तर डोळ्याला खटकते, कारण असा शब्दच नाही. दर्या आणि आचार्य मात्र अस्सल शब्द आहेत. डोळा तिथे थांबत नाही आणि शुद्धलेखन तपासणारे सॉफ्टवेअरही थांबण्याचे कारण नाही. बाईंनी उपाय लिहिला होता तो यांत्रिक, पण बिनचूक. पानांची मूळ फाइल उघडायची, ‘र्य’ ही जोडी शोधायला लावायची आणि प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचे. कार्य, सूर्य, धैर्य, आश्चर्य यांना जाऊ द्यायचे. बाकी प्रत्येकाला विचारायचे, बाबा, तू मूळचा कोण? बाईंच्या अंदाजाने चार पानांना याला पाच मिनिटे लागतात. आणि अशी एक जरी चूक सापडली, तरी मजकुराची वाटेत कुठेतरी मोडतोड झाली आहे असे धरून सगळीच जोडाक्षरे संशयाने बघायची.

‘यंदा भाताचे पिक जोमात होते’ हे वाक्यही याच जातीचे. पिक म्हणजे कोकिळ. शब्द कोशात आहे, त्यामुळे यंत्राच्या भरवशावर राहून चालत नाही. इथे मुलगी अर्थाच्या ओघात वाहत गेली होती. भात म्हटल्यावर मेंदूने पुढचा शब्द आधीच ‘पीक’ असा वाचून टाकला. बाईंनी समासात लिहिले, “ही ओळ तू वाचलीच नाहीस, ती तुला ठाऊक होती.” अशा शब्दांसाठी त्या ओळीखाली पट्टी धरून मजकूर शेवटाकडून मागे वाचतात. ‘होते, जोमात, पिक, भाताचे’ असे वाचताना अर्थ जुळत नाही, म्हणून अक्षरे दिसायला लागतात. काम कंटाळवाणे आहे आणि सबंध पुस्तकाला ते परवडत नाही, हेही त्यांनी लगेच कंसात कबूल केले होते.

ओळीच्या शेवटी ‘आणि’ व पुढच्या ओळीच्या आरंभी पुन्हा ‘आणि’ आला होता, त्यावर त्यांनी फक्त वर्तुळ काढले. ‘त्या मुळे वाट निसरडी नव्हती’ इथे मात्र थोडे थांबल्या. ‘त्यामुळे’ म्हणजे त्या कारणाने, तोडून लिहिले तर ती झाडाची मुळे. मुलीला विचारले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मला वाटलं ओळ ताणली गेलीय.” हे पटण्याजोगे होते. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणून मांडणीत शब्दांमधल्या जागा फुगतात, आणि अशा ओळीत फाजील जागा लपून जाते. तिथे कागदावर निकाल लागत नाही, मूळ फाइलच बघावी लागते.

सातवी चूक अक्षरांची नव्हतीच. पहिल्या पानावर शिखराची उंची १६४६ मीटर होती, चौथ्यावर १६६४. दोन्ही आकडे आपापल्या जागी तंदुरुस्त दिसतात. त्यांची गाठ पडते ती फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यात, नाहीतर शेजारच्या कागदावर. बाईंच्या टेबलावर असा कागद कायम असतो. पहिल्यांदा भेटलेले प्रत्येक विशेषनाम, साल आणि आकडा पानाच्या क्रमांकासह त्यावर उतरतो, आणि पुढे तेच आले की ताडून बघितले जाते. बरोबर आकडा १६४६ आहे हे बाईंना ठाऊक होते. तरी त्यांनी सांगितले की परस्पर बदलायचा नाही. दोन्ही आकड्यांभोवती वर्तुळ, समासात प्रश्नचिन्ह आणि कागद संपादकाकडे.

या सात चुकांबद्दल टिपणाचा सूर समजुतीचा होता. तो कडक झाला पुढच्या दोन ‘दुरुस्त्यां’ पाशी. ‘चढणीने शरीराला घाम फुटला’ यातल्या ‘शरीराला’ चे तिने ‘शरिराला’ केले होते. बहीण–बहिणीला, गरीब–गरिबाला, वकील–वकिलाला, मग शरीर–शरिराला असा तिचा हिशेब. पण ‘शरीर’ संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. तशा शब्दाचा मूळचा दीर्घ स्वर प्रत्यय लागला तरी दीर्घच राहतो. आता कोणता शब्द संस्कृत आणि कोणता नाही हे शब्दाच्या तोंडावर लिहिलेले नसते, ही या नियमातली खरी अडचण. ती बाईंनी झाकली नाही. “शंका आली की कोश. शंकाच आली नाही तर मात्र कोश उपयोगाचा नाही,” असे लिहून त्यांनी पंधरा-वीस शब्दांची यादी जोडली: शरीर, गीत, रूप, सूत्र, दूत, जीव.

दुसरी दुरुस्ती बारी गावातल्या म्हातारीच्या बोलण्यात होती. कळसूबाईची वाट याच गावातून वर चढते. म्हातारी म्हणते, ‘काल लई धुकं व्हतं बग.’ मुलीने तिला ‘काल फार धुके होते बघ’ असे बोलायला लावले होते. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायची मुभा नियमांनीच दिली आहे. बाईंच्या लेखी सुटलेल्या सात चुकांपेक्षा या दोन जड होत्या. सुटलेली चूक मूळ मजकुराची असते आणि पुढच्या वाचनात कुणाच्या तरी हाती लागू शकते. ही चूक मुद्रितशोधकाने घातलेली असते, तिच्यावर त्याचीच खूण असते, त्यामुळे पुढचा माणूस तिच्याकडे संशयाने बघतच नाही.

चौथ्या पानाच्या तळाशी मुलीने पेन्सिलने, अगदी फिकट, एका शब्दाखाली रेघ मारली होती. लेखात एरवी ‘कळसूबाई’ होते, तिथे ‘कळसुबाई’. ही पेरलेली चूक नव्हती, चाचणी तयार करणाऱ्याच्याच हातून ती राहून गेली होती. मुलीने काही बदलले नव्हते, समासात नुसते लिहिले होते, ‘नाव दोन प्रकारे?’ त्या रेघेशेजारी बाईंनी बरोबरची खूण केली आणि खाली लिहिले, “लेखकांना विचारू. उत्तर येईपर्यंत दोन्ही असेच राहू देत.”