आरशातले चारशे थर

रात्री वीज गेली की एक प्रयोग करून बघा. मेणबत्ती आरशाच्या अगदी जवळ धरा आणि बाजूला सरकून ज्योतीचं प्रतिबिंब खूप तिरकं पाहा. एका ज्योतीच्या जागी तीन-चार ज्योती ओळीनं दिसतील. पहिली फिकट, दुसरी लख्ख, आणि त्यामागे मंद होत गेलेल्या एक-दोन. फिकट ज्योत काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून आलेली असते, लख्ख ज्योत मागच्या चांदीवरून. उरलेल्या ज्योती म्हणजे काच आणि चांदी यांच्यामध्ये प्रकाशानं मारलेल्या येरझाऱ्या.

आरशाला आपण ‘पारा लावलेला’ म्हणतो. कथलाच्या पत्र्यावर पारा पसरून आरसे करण्याची जुनी रीत एकोणिसाव्या शतकात मागे पडली, शब्द मात्र राहिला. चांगल्या आरशामागे आज चांदीच असते, आणि तीही किती? थर साधारण 100 नॅनोमीटर जाडीचा धरला, तर एक चौरस मीटर आरशाला जेमतेम एक ग्रॅम. म्हणजे प्रकाश चार मिलिमीटर काचेतून, अणूंच्या कोटीभर थरांमधून, बिनबोभाट जातो आणि चांदीच्या चारशेएक थरांपाशी त्याची वाट संपते. काचेत अणूंमध्ये मोकळी जागा असते म्हणून प्रकाश जातो, असं पुष्कळांना वाटतं. मोकळी जागा चांदीतही असते. फरक इलेक्ट्रॉन कसे हलतात यात आहे.

प्रकाश म्हणजे विद्युतक्षेत्राची लाट. हिरव्या प्रकाशात हे क्षेत्र सेकंदाला सुमारे 545 लाख कोटी वेळा मागेपुढे होतं आणि वाटेतल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला ढकलतं. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतःही लाट सोडतो, पुढे आणि मागे. आपल्याला दिसते ती मूळ लाट आणि या सगळ्या नव्या लाटांची बेरीज. सगळा खेळ या बेरजेचा आहे.

बेरीज कशी होते, ते एका रबरबँडमुळे कळतं. त्याला किल्ल्यांचा जुडगा बांधा, वरचं टोक बोटात धरा आणि हात सावकाश वरखाली करा. जुडगा हाताबरोबर जातो. हात भराभर हलवायला लागा. आता हात वर जातो तेव्हा जुडगा खाली येतो, हात खाली तेव्हा तो वर. मधल्या एका वेगाला जुडगा वेड्यासारखा उसळतो, कारण तो त्याचा स्वतःचा ठेका असतो. हाताकडून सगळ्यात जास्त ऊर्जा तो तेव्हाच घेतो.

काचेतले इलेक्ट्रॉन अणूंना घट्ट बांधलेले असतात, म्हणजे रबर फार ताठ. त्यांचा स्वतःचा ठेका दूर अतिनील प्रकाशात आहे. दृश्य प्रकाश त्यांच्या हिशेबानं सावकाश हलणारा हात, म्हणून ते निमूटपणे त्याच्याबरोबर डोलतात. जी ऊर्जा घेतात, ती तशीच परत करतात. त्यांच्या लाटा मूळ लाटेत मिसळल्या की बेरजेची लाट थोडी मागे पडते, एवढंच. काचेत प्रकाशाचा वेग दीडपट कमी भरतो तो यामुळे. मागे फेकलेल्या लाटा काचेच्या पोटात एकमेकींना मारून टाकतात. फक्त पृष्ठभागाशी हा हिशेब पुरता मिटत नाही, आणि समोरून पाहिलं तर सुमारे 4 टक्के प्रकाश परततो. तिरकं पाहिल्यावर हा वाटा वाढतो, म्हणून ती फिकट ज्योत तिरकीच बघायची.

आरशाची कड पाहिलीत तर ती हिरवट दिसते. तो दोष काचेतल्या किंचित लोखंडाचा. त्याचे इलेक्ट्रॉन तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश शोषतात आणि जाता जाता तांबड्यालाही चाटतात. चार मिलिमीटरमध्ये ते जाणवत नाही, कडेनं हातभर काचेतून पाहिलं की जाणवतं.

चांदीत प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकाट असतो. त्याला रबरच नाही. स्वतःचा ठेका शून्य, त्यामुळे कुठलाही प्रकाश त्याच्या दृष्टीनं भराभर हलणारा हात, आणि तो नेहमी उलटाच जातो. पण नुसतं उलटं जाऊन भागत नाही. अशा इलेक्ट्रॉनांची संख्या इतकी प्रचंड आहे की त्यांचा एकत्रित विरोध मूळ क्षेत्रापेक्षा भारी पडतो. पुढे जाणारी लाट धातूत टिकूच शकत नाही, ती विरत जाते. आणि मागच्या दिशेला सोडलेल्या लाटांना मारणारं कुणी नसतं, त्यांचीच मिळून होते ती लख्ख ज्योत.

विरण्यासाठी लागणाऱ्या खोलीला स्किन डेप्थ म्हणतात. तेवढ्या अंतरात लाटेची उंची साधारण एक-तृतीयांशावर येते. चांदीत दृश्य प्रकाशासाठी हे अंतर सुमारे 25 नॅनोमीटर आहे. उंची तिसऱ्या हिश्श्यावर आली की उजेड साधारण सातव्या हिश्श्यावर येतो. 25 नॅनोमीटरला सातवा, 50 ला एकोणपन्नासावा, 75 ला साडेतीनशेवा, आणि 100 ला दोन हजारांतला एखादा हिस्सा उरतो. आरसा करणारा चांदीचा थर याहून जाड करत नाही, ते उगीच नव्हे. थर 25 नॅनोमीटरवर थांबवला तर मात्र आरशातून पलीकडचं अंधुक दिसू लागेल.

इथे पाठ्यपुस्तकातलं एक सूत्र हमखास फसवतं. विजेच्या अभ्यासात स्किन डेप्थ धातूच्या रोधावरून काढतात. तांब्यात घरच्या 50 हर्ट्‌झ विजेसाठी ती सुमारे 9 मिलिमीटर येते, मोबाइलच्या लहरींसाठी दोनेक मायक्रोमीटर. वारंवारता वाढेल तशी ती घटत जाते. हेच सूत्र चांदीला आणि हिरव्या प्रकाशाला लावलं तर उत्तर येतं तीनेक नॅनोमीटर, खऱ्याच्या जवळजवळ नववा हिस्सा. चूक कुठे होते? सूत्र असं धरून चालतं की इलेक्ट्रॉन एका हेलकाव्यात पुष्कळदा धडकतो. प्रत्यक्षात चांदीतला इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये प्रकाशाचे वीसेक हेलकावे खातो. त्याला अडवतं ते त्याचं स्वतःचं जडत्व, धडक नव्हे. हा फरक आरशाच्या कामाचा आहे, कारण धडकेत ऊर्जेची उष्णता होते आणि जडत्वात काही खर्च होत नाही. म्हणून तर चांदी दृश्य प्रकाशाचा 95 टक्क्यांच्या आसपास भाग परत करते आणि आरसा उन्हात चटकन तापत नाही.

हात आणखी भराभर हलवला तर इलेक्ट्रॉन जडत्वामुळे हलूच धजत नाहीत, विरोध तोकडा पडतो आणि धातू पारदर्शक होतो. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं 1933 साली पोटॅशियमसारख्या धातूंचे पातळ थर अतिनील प्रकाशात पारदर्शक असल्याचं दाखवलं. चांदीची पाळी 140 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास यायला हवी होती. पण तिच्या अणूंना बांधलेले इलेक्ट्रॉनही मध्ये लुडबुड करतात, आणि 320 नॅनोमीटरपाशीच चांदीचा आरसेपणा जवळजवळ संपतो. दुर्बिणीतून अतिनील बघायचं असेल तर आरशाला अ‍ॅल्युमिनियम लावतात ते म्हणूनच.

कोकणातल्या दमट घरांत आरशाच्या कडेला काळे डाग पडतात आणि घरची मंडळी म्हणतात, पारा उडाला. मागच्या रंगाच्या फटीतून ओल शिरते, चांदीचा थर तुटतो, तिची संयुगं होतात आणि मोकाट इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना बांधले जातात. तिथे मेणबत्ती धरून तिरकं पाहा. लख्ख ज्योत गेलेली असते, फिकट ज्योत जागच्या जागी.